खवल्यांची त्वचा, साधा कोरडेपणा की एक्झिमा? ओळखायचं कसं आणि क्रीम कोणत्या क्रमाने लावायचं

इंदूरला नोव्हेंबर लागला की नडग्या पांढऱ्या पडतात, नखाने ओढलं तर रेघ उमटते आणि घरात ठरलेला सल्ला मिळतो: तेल लाव, थंडीचं असतंच. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण काही घरांत ही नडगी आजोबांची, वडिलांची आणि नातवाची सारखीच दिसते. तो थंडीचा कोरडेपणा नसून इक्थिओसिस असतो, म्हणजे जन्मभराची, आनुवंशिक, माशाच्या खवल्यांसारखी त्वचा. तिसरी गोष्ट एक्झिमा. तो याच लोकांना बऱ्याचदा जोडीने होतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

तिन्हींना एकच मलम लावल्यामुळे नुकसान होतं. खवले मऊ करणारं क्रीम एक्झिम्यावर लावलं तर आग होते, एक्झिम्याचं स्टेरॉइड खवल्यांवर महिनोन्‌महिने चोळलं तर खवले तसेच राहून त्वचा पातळ होते. म्हणून आधी ओळख, मग अंघोळ, मग साधं क्रीम, आणि त्यानंतरच औषधी क्रीम. हा क्रम मोडू नका.

## तयारी: पाहण्याच्या आदल्या दिवशी

ज्याची त्वचा पाहायची त्याला एक दिवस तेल, क्रीम, पावडर काहीही लावू नका. तेल लावलेली नडगी पाच मिनिटं गुळगुळीत दिसते आणि खवल्यांच्या कडा लपतात. पाहणी सकाळी, खिडकीजवळच्या उजेडात करा. ट्यूबलाइटखाली खवल्यांचा रंग कळत नाही. नडगी, कोपराच्या आतली घडी, गुडघ्यामागची लवण, पोट, मान आणि दोन्ही तळहात असे सहा फोटो काढून ठेवा. पुढे दोन आठवड्यांनी तुलनेला हेच लागतील, आणि डॉक्टरांकडे गेलात तर तिथेही.

घरातल्या मोठ्यांना दोन प्रश्न आधीच विचारून ठेवा: असे पाय आणखी कोणाचे होते? आणि मूल किती महिन्यांचं असताना त्वचा पहिल्यांदा खरबरीत लागली?

## १. सुरुवात कधी झाली ते ठरवा

साधा कोरडेपणा ऋतूबरोबर येतो आणि जातो. तो कोणत्याही वयात सुरू होतो आणि साठीनंतर जवळजवळ सगळ्यांनाच थोडाफार असतो.

सर्वांत जास्त आढळणारा इक्थिओसिस, ज्याला डॉक्टर इक्थिओसिस व्हल्गॅरिस म्हणतात, तो साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. मूल जन्मतं तेव्हा त्वचा बहुधा नितळ असते. काही महिन्यांनी, किंवा पहिल्या चार-पाच वर्षांत, खवले दिसू लागतात. नंतर ते कमी-जास्त होतात, पण पूर्णपणे जात नाहीत.

एक्झिमाही लहानपणीच सुरू होतो, पण त्याची चाल उसळ्यांची असते: आठ दिवस लाल, खाजरा, ओलसर, मग काही आठवडे शांत.

इथे इंदूरकरांची हमखास एक चूक होते. आपल्याकडे कोरडे दिवस दोनदा येतात, एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि दुसऱ्यांदा एप्रिल-मेच्या झळांत. पावसाळ्यात हवा दमट झाली की खवले आपोआप मऊ पडतात. मूल सुटीत मुंबईला मावशीकडे गेलं की आठ दिवसांत पाय सुधारतात आणि घरचे म्हणतात, तिथलं पाणी मानवलं. हा फरक मुख्यतः दमट हवेमुळे पडतो. पावसाळ्यात किंवा समुद्रकिनारी बरं वाटलं म्हणजे आजार गेला, असं समजून क्रीम बंद करू नका.

इशारा: मोठेपणी, आधी कधीच नसताना, खवले पहिल्यांदा आले तर पुढच्या पायऱ्या करत बसू नका. थायरॉइड मंदावणं, एचआयव्ही, लिम्फोमासारखे काही कर्करोग किंवा एखादं औषध यामुळे असं होऊ शकतं. कुष्ठरोगाच्या उपचारातल्या क्लोफॅझिमीनने त्वचा काळपट आणि खवल्यांची होते. ते औषध चालू असेल तर स्वतःहून थांबवू नका, देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

## २. घड्या पाहा

सगळ्या पाहणीत ही पायरी सर्वांत जास्त सांगून जाते, आणि लोक नेमकी हीच सोडतात, कारण सगळ्यांचं लक्ष नडगीवर असतं.

नडगी तिन्ही प्रकारांत कोरडी असू शकते. म्हणून हात सरळ करून कोपराच्या आतली घडी पाहा, नंतर गुडघ्यामागची लवण, काख आणि जांघ. इक्थिओसिस व्हल्गॅरिसमध्ये नडग्यांवर, पोटऱ्यांच्या बाजूंना आणि दंडाच्या बाहेरच्या भागावर खवले असतात, पण या घड्या जवळजवळ नितळ राहतात. घडीतली हवा बंदिस्त आणि ओलसर असते, म्हणून तिथे खवला जमत नाही. नडगीवर खवल्यांची जाळी आणि लवणीत मऊ त्वचा, अशी जोडी दिसली की इक्थिओसिसची शक्यता बरीच वाढते.

एक्झिम्यात याच्या बरोबर उलट. दोन वर्षांवरच्या मुलांत तो नेमका याच घड्यांत बसतो: कोपराची घडी, गुडघ्याची लवण, मनगट, मानेची पुढची बाजू. तान्ह्या मुलांत मात्र तो गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाबाबत घडीची खूण धरू नका.

आता खवला जवळून पाहा. साध्या कोरडेपणात भुरभुरीत पांढरा कोंडा असतो. ओला हात फिरवला की दिसेनासा होतो. इक्थिओसिसचा खवला मधोमध चिकटलेला आणि कडेला किंचित उचललेला असतो, चौकोनी किंवा अनेककोनी, आणि ओला हात फिरवल्यावरही त्याची रेघ राहते. एक्झिम्यात खवल्यापेक्षा लाली, ओरखडे, पाणी सुटून वाळलेली खपली आणि जुन्या जागी जाड, काळपट झालेली कातडी जास्त दिसते.

पडताळा: चट्टा गोल असेल, त्याची कड उठावदार आणि मध मोकळा असेल तर नायट्याचा विचार करा. चट्टा फिका, कोरडा, घाम न येणारा असेल आणि तिथे स्पर्श कमी कळत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी हवी. दोन्हींसाठी हा लेख उपयोगाचा नाही.

## ३. तळहात आणि दंड

हाताची मूठ उघडून तळवा उजेडाकडे धरा. व्हल्गॅरिसमध्ये तळहातावर रेषा फार असतात, खोल आणि आडव्या-उभ्या; अंगठ्याच्या उंचवट्यावर तर त्या मोजता येणार नाहीत इतक्या. दहा वर्षांच्या मुलाचा तळवा म्हाताऱ्या माणसाच्या तळव्यासारखा दिसतो. दंडाच्या मागच्या बाजूला किसणीसारखे बारीक टोकदार दाणेही बहुधा असतात. साध्या कोरडेपणात तळव्याच्या रेषा नेहमीच्याच राहतात.

खवले गडद तपकिरी, मोठे, मानेवर आणि पोटाच्या बाजूंनाही असतील आणि तळहात मात्र अगदी साधे असतील, तर दुसरा प्रकार मनात धरा. तो जवळजवळ फक्त मुलग्यांत दिसतो आणि आईकडून येतो. मानेवरचे हे खवले मळ बसल्यासारखे दिसतात, आणि मग आई किंवा आजी वज्रीने मूल लाल होईपर्यंत घासते. हा मळ नाही आणि तो घासून निघत नाही.

## ४. घराण्याची चौकशी

व्हल्गॅरिस आई किंवा वडील, कोणाकडूनही येतो. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. हा दोष 2006 साली सापडला. त्वचेत पाणी धरून ठेवणारी द्रव्यं या प्रथिनापासूनच तयार होतात, म्हणून ते कमी पडलं की वरचा थर वाळतो आणि मेलेल्या पेशी सुट्या न होता थराथराने चिकटून राहतात. जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर प्रत्येक अपत्याकडे ती जाण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर खवले जास्त उठून दिसतात. एकच प्रत बिघडलेल्या वडिलांना बऱ्याचदा आपल्याला काही आहे हेच माहीत नसतं, म्हणून तोंडी विचारून थांबू नका. त्यांची नडगी आणि तळहात प्रत्यक्ष पाहा.

मुलग्यांतल्या प्रकारात वडिलांचे पाय पाहून काही कळत नाही. मामाचे आणि आईच्या वडिलांचे पाहा. आईची त्वचा सहसा नितळ असते, पण तो दोष ती वाहते. अशा मुलाच्या वेळी आईच्या कळा नीट सुरूच झाल्या नव्हत्या किंवा बाळंतपण फार लांबलं होतं, असं पुष्कळदा निघतं. कारण जे विकर त्वचेत कमी असतं तेच बाळाच्या वारेतही कमी असतं. या मुलग्यांत वृषण खाली न उतरण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून तेवढं एकदा पाहून घ्या.

एक्झिम्याच्या घरात दमा, सकाळच्या सटासट शिंका, डोळ्यांची खाज असे त्रास निघतात. पण फिलॅग्रिनचा दोष एक्झिम्यालाही वाट करून देतो, त्यामुळे एकाच मुलात दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे. हे की ते, असा हट्ट धरू नका. नडगीचा निर्णय वेगळा आणि कोपराच्या घडीचा वेगळा.

## ५. दोन आठवड्यांची परीक्षा

शंका राहिली तर औषध नसलेलं, बिनवासाचं जाड क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली दिवसातून दोनदा, चौदा दिवस, रोज लावा. साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना.

साधा कोरडेपणा या काळात जवळजवळ नाहीसा होतो आणि क्रीम सोडल्यावरही काही दिवस तरी परत येत नाही. इक्थिओसिस मऊ होतो, बराच बरा दिसतो, पण क्रीम थांबवल्यावर दोन-चार दिवसांत खवल्यांची तीच जाळी त्याच जागी परत उमटते. एक्झिम्यात कोरडेपणा कमी होतो, पण लाली आणि रात्रीची खाज उरते.

पडताळा: चौदाव्या दिवशी पहिल्या दिवसाइतक्याच उजेडात फोटो काढा. मधले तीन-चार दिवस चुकले असतील तर परीक्षा झाली असं धरू नका.

## ६. अंघोळ

इक्थिओसिस ठरला की उपचाराचा पाया अंघोळीत आहे, आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

पाणी कोमट ठेवा, कढत नको. दहा मिनिटं पुरे. पहिली पाच-सात मिनिटं पाय नुसते भिजू द्या. बादलीची अंघोळ असेल तर टबात पाय बुडवून बसा. मऊ झाल्यावर ओल्या मऊ कापडाने, खवल्याच्या कडेच्या दिशेने, हलकेच फिरवा. जे सुटेल तेवढंच सुटू द्या. कोरड्या पायावर वज्री, दगड किंवा डाळीच्या पिठाचं उटणं घासलं तर वरचा थर फाटतो, त्वचा त्याला उत्तर म्हणून आणखी जाड होते आणि भेगांतून जंतू शिरतात.

बोअरवेलच्या जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही, त्याचा पातळ थर अंगावर राहतो. म्हणून साबणाऐवजी साबणविरहित सौम्य क्लेन्झर घ्या. नर्मदेचं पाणी येत असेल तरी साबण कमीच.

तेलाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. दिवाळीच्या अभ्यंगासारखं तेल आधी आणि उटणं नंतर, हा क्रम या त्वचेला उलटा पडतो, कारण लावलेलं तेल उटण्याबरोबर निघून जातं आणि जाताना त्वचेची स्निग्धताही नेतं. सण साजरा करा, पण उटणं पायांवर घासू नका आणि अंघोळीनंतर पुन्हा क्रीम लावा. खोबरेल अंघोळीनंतर, ओलसर अंगावर चालतं. मोहरीचं तेल टाळा. ते त्वचेला चुणचुणवतं.

टॉवेलने टिपून घ्या, पुसू नका. अंगात थोडी ओल असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम लागलं पाहिजे. क्रीमचा डबा न्हाणीघरातच ठेवा. कपाटातून आणायला गेलात की ती वेळ निघून जाते.

## ७. किती क्रीम आणि कोणतं

क्रीम लागू पडलं नाही असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पुरेसं लावलेलंच नसतं. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. याला एक पेर म्हणू. एका पेरात मोठ्यांच्या बोटांसकट दोन तळहातांएवढी त्वचा भरते.

पहिले दोन आठवडे साधंच क्रीम. त्यानंतर खवले जाड असतील तर खवले सोडवणारं क्रीम रात्री एकदा: 10 टक्के यूरिया, किंवा 12 टक्के अमोनियम लॅक्टेट. दोन्ही पाणी धरतात आणि पेशींची चिकट पकड सैल करतात. आधी हाताच्या पंजाएवढ्या जागी तीन रात्री लावून पाहा. किंचित झिणझिणी चालेल. आग आणि लाली नको. लॅक्टेट लावलेल्या भागाला उन्हाचा त्रास लवकर होतो, म्हणून दुपारी पाय झाका.

भेगा, ओरखडे, लाल घडी आणि चेहरा यांवर यूरिया किंवा लॅक्टेट लावू नका. तान्ह्या बाळाला ही क्रीमं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाहीत.

इशारा: सॅलिसिलिक आम्लाची मलमं दोन वर्षांखालच्या मुलांना नकोत, आणि कोणालाही अंगाच्या मोठ्या भागावर नकोत. ती त्वचेतून रक्तात जातात. कानात घणघण, उलट्या, धाप ही विषबाधेची लक्षणं आहेत. दिसली तर मलम धुऊन तातडीने रुग्णालयात जा.

इशारा: पॅराफिन किंवा जेली मुरलेले कपडे आणि पांघरूण पटकन पेट घेतात, धुतल्यावरही तो अंश राहतो. शेगडी, गॅस, समई-निरांजन यांपासून दूर राहा.

## एक उदाहरण पूर्ण हिशोबाने

समजा, नऊ वर्षांचा मुलगा आहे. दीड वर्षाचा असल्यापासून नडग्यांवर राखाडी खवले, पावसाळ्यात कमी. तळहातावर दाट रेषा. वडिलांच्या नडग्याही तशाच. शिवाय दोन्ही कोपरांच्या घडीत लाल, खाजरे चट्टे, रात्री झोपमोड. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून आणलेलं तीन औषधांचं मिश्र मलम दोन्हीकडे चोळलं; घडी आठ दिवस शांत झाली, नडगी तशीच. मग कोणीतरी यूरिया सुचवलं, ते दोन्हीकडे लावलं; नडगी सुधारू लागली आणि घडीत आग झाली.

दोन्ही अनुभव निदान सांगून जातात: नडगीला इक्थिओसिस, घडीत एक्झिमा. दुकानातल्या त्या मिश्रणांत पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असतं. ते खवल्यांवर निरुपयोगी, आणि मुलाच्या घडीतल्या नाजूक त्वचेवर बेहिशेबी वापरलं तर ती पातळ होऊन कायमचे चरे पडतात.

आता साध्या क्रीमचं माप. या वयाला एक पूर्ण पाय पावलासकट साडेचार पेर, एक हात पंजासकट अडीच पेर. दोन पायांचे नऊ, दोन हातांचे पाच, एकूण चौदा पेर म्हणजे एका वेळेला 7 ग्रॅम. दिवसातून दोनदा 14 ग्रॅम, महिन्याला 420 ग्रॅम. 50 ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरत नाही. ती महिनाभर पुरवणारं घर मुलाला आठवा हिस्साही क्रीम लावत नाही. म्हणून महागड्या लहान ट्यूबपेक्षा मोठा डबा किंवा साधी जेली घ्या.

सकाळी अंघोळीनंतर साधं क्रीम हातापायांना. रात्री पाय पाच मिनिटं भिजवून नडग्यांवर 10 टक्के यूरिया, बाकी सगळीकडे साधं क्रीम. घडीसाठी डॉक्टरांनी वय आणि जागा पाहून दिलेलं सौम्य स्टेरॉइड, त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच. ते आणि साधं क्रीम यांत साधारण अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर औषध पातळ होऊन भलतीकडे पसरतं. महिन्याभरात नडगी मऊ झाली की यूरिया एक दिवसाआड. साधं क्रीम मात्र बारा महिने, पावसाळ्यात एकवेळ चालेल.

शाळेत शिक्षकांना एक ओळ लिहून द्या: हे संसर्गजन्य नाही. खवले जास्त असलेल्या मुलांना घाम कमी येतो आणि अंग लवकर तापतं, म्हणून एप्रिलच्या दुपारी मैदानात सावली, पाणी आणि ओला रुमाल यांची सोय हवी.

## डॉक्टरांकडे कधी

घडीत किंवा खवल्यांवर पिवळी खपली, पू, ताप किंवा दुखणारी सूज आली तर त्याच दिवशी. महिनाभर नीट मापाने क्रीम लावूनही भेगा पडत असतील तर आठवडाभरात. बाळ जन्मतःच चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळल्यासारखं असेल, तर ती तातडीची स्थिती आहे: अशा बाळाच्या अंगातलं पाणी आणि ऊब झपाट्याने जाते, आणि त्याला नवजात अतिदक्षता विभाग लागतो. घरी तेल लावत बसू नका.

इंदूरला एमवाय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना पहिल्या आणि चौदाव्या दिवसाचे फोटो, आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक ट्यूबचं वेष्टन, आणि शक्य असेल तर ज्याचे पाय तसेच आहेत तो नातेवाईक, हे बरोबर न्या. दोन दिवस आधी क्रीम आणि तेल बंद ठेवा.

लग्न नात्यात, म्हणजे मामे-आते भावंडांत झालेलं असेल तर तेही सांगा. इक्थिओसिसचे काही विरळ, तीव्र प्रकार आई-वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतात, आणि नात्यातल्या जोडप्यात ती शक्यता वाढते. अशा घरात पुढच्या गर्भारपणाच्या आधी जनुकीय सल्ला घेता येतो. गर्भ राहिल्यावर विचारायला गेलात तर हाताशी वेळ फार कमी उरतो.